स्क्रीनशॉट दाखवून फौजीला फंड विकू नका

दोन फंडांचे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले, एकाचा परतावा जास्त दिसला, की निकाल लागला. असा हिशेब करणाऱ्यांची सध्या आपल्या मंडळींत चलती आहे. पेन्शनला निघालेला हवालदार असो की अजून पाच वर्षं सर्व्हिस बाकी असलेला नाईक, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असे दोन-चार फोटो असतातच. कुणी तरी 'आपलाच माणूस' ते पाठवतो आणि खाली लिहितो, 'एक टक्का खर्चाकडे काय बघता साहेब, परतावा बघा.' मला या वाक्याशी भांडायचं आहे. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्या फोटोंच्या जोरावर ते म्हटलं जातं, त्या फोटोंत ते सिद्ध करण्याची ताकदच नसते. आणि जी गोष्ट त्या फोटोंतून खरोखर काढता येते, ती कुणी काढत नाही.

यशवंतपूरला आल्यापासून असे फोटो जास्तच बघायला मिळतात. जालहळ्ळीची हवाई दलाची ठाणी जवळ, आणि तुमकूर रोडच्या दोन्ही अंगांना कंपन्या आणि उंच इमारती. त्यांच्या गेटवर उभे असणाऱ्यांत निवृत्त फौजी पुष्कळ. त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावकडची पोरंही भेटतात. सतरा-अठरा वर्षं सर्व्हिस झाली, वय चाळिशीच्या आत, हातात कम्युटेशन, ग्रॅच्युइटी, एएफपीपी आणि ग्रुप इन्शुरन्सचे एकदम आलेले पैसे. आयुष्यात एवढी रक्कम एकदाच येते. ती आली आहे हे आपल्याला कळण्याआधी विकणाऱ्याला कळलेलं असतं.

अशाच एका माजी हवालदाराने मार्चमध्ये मला दोन फोटो दाखवले. त्याला दहा लाख दहा वर्षांसाठी ठेवायचे होते. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, म्हणजे तिच्या कॉलेजच्या वेळी पैसे लागणार. फंडांची नावं मी लिहीत नाही, कारण भांडण फंडांशी नाही. एकाला 'अ' म्हणू, दुसऱ्याला 'ब'. दोन्ही फ्लेक्सी कॅप जातीचे, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारे.

'अ'च्या फोटोत एक्स्पेन्स रेशो १.८५ टक्के, तीन वर्षांचा परतावा वर्षाला १९.२ टक्के. 'ब'च्या फोटोत एक्स्पेन्स रेशो ०.७५ टक्के, परतावा १४.६ टक्के. फोटो पाठवणाऱ्याने खाली हिशेबही करून दिला होता: 'अ चा खर्च वजा केला तरी १७.३५ राहतात. ब चे १३.८५. फरक साडेतीन टक्के. आणि खर्चाचं म्हणाल तर १.१ टक्क्याने दहा लाखांवर वर्षाला अकरा हजार, दहा वर्षांत एक लाख दहा हजार. साडेतीन टक्के मिळवायला एवढे गेले तर बिघडलं काय?'

एवढ्या चार ओळींत किती चुका आहेत, बघा.

पहिली चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त पसरलेली. परताव्यातून खर्च पुन्हा वजा करायचा नसतो. फंडाचा खर्च तुमच्याकडून वेगळा मागून घेतला जात नाही. फंडाच्या एकूण मालमत्तेतून तो रोज थोडा थोडा कापला जातो, वार्षिक टक्केवारीचा साधारण ३६५ वा भाग, आणि कापून उरलेल्या रकमेवर त्या दिवशीची एनएव्ही ठरते. परतावा एनएव्हीवरूनच काढतात. म्हणजे फोटोतले १९.२ आणि १४.६ हे दोन्ही आकडे खर्च गेल्यानंतरचेच आहेत. ते पुन्हा वजा करणं म्हणजे पगारातून आधीच गेलेला फंड घरी येऊन बायकोच्या हिशेबात दुसऱ्यांदा कापणं.

यशवंतपूरच्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातून कांदा येतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुठल्याही बाजारात विक्रीची पट्टी मिळते तेव्हा तिच्यावर भाव लिहिलेला असतो, खाली भाडं, हमाली, तोलाई अशा कपाती, आणि मग हातात पडणारी रक्कम. शेतकरी भावापेक्षा कपातीवर जास्त भांडतो, कारण त्या त्याला दिसतात. फंडाच्या एनएव्हीत फक्त शेवटची ओळ दिसते. मधल्या कपाती पट्टीवर छापलेल्याच नसतात. म्हणून 'एक टक्का' कुणाला टोचत नाही.

दुसरी चूक तारखेची. मी त्याला म्हटलं, दोन्ही फोटोंवर बोट ठेवून तारीख वाच. 'अ'चा फोटो ३० सप्टेंबर २०२४ चा होता. 'ब'चा २८ फेब्रुवारी २०२५ चा. मधल्या पाच महिन्यांत निफ्टी सुमारे २५,८११ वरून २२,१२५ वर आला होता, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त पडला होता. एका जवानाची धाव सपाट मैदानावर मोजायची, दुसऱ्याची चढावर, आणि मग कोण दमदार ते ठरवायचं, असा हा प्रकार. दोन्हींचे आकडे एकाच तारखेचे, २८ फेब्रुवारीचे काढले तेव्हा 'अ' १३.७ वर होता आणि 'ब' १४.६ वर. साडेचार टक्क्यांची आघाडी गेलीच, उलट तो मागे पडला.

यावरून 'ब' चांगला, असंही मी म्हणणार नाही. तीन वर्षांचा परतावा हा आकडाच इतका हलका आहे की त्यावर दहा वर्षांचा निर्णय टेकवू नये. याचं याहून ठसठशीत उदाहरण कोविडच्या वेळचं. २४ फेब्रुवारी २०२३ ला निफ्टी सुमारे १७,४६६ होता, त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी सुमारे ११,८२९. म्हणजे तीन वर्षांचा परतावा वर्षाला जवळजवळ १४ टक्के. आता एकच महिना पुढे या. २३ मार्च २०२३ ला निफ्टी घसरून १७,०७७ झाला होता. पण तीन वर्षं मागे गेलं की तारीख येते २३ मार्च २०२०, आणि त्या दिवशी निफ्टी ७,६१० वर बंद झाला होता. परतावा निघतो वर्षाला सुमारे ३१ टक्के. महिन्याभरात बाजार खाली आला आणि 'तीन वर्षांचा परतावा' दुपटीच्या वर गेला! कुणा फंड मॅनेजरने काही केलं नाही, फक्त मोजणी खड्ड्यातून सुरू झाली. ज्याला विकायचं आहे त्याने फोटो कुठल्या दिवशी काढायचा हे त्याच्या हातात असतं.

जुन्या, दहा वर्षांच्या परताव्याचा फोटो असला तर तो तरी भरवशाचा असतो का? थोडा जास्त. पण तिथेही एक मेख आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने फंडांच्या जाती ठरवून दिल्या आणि २०१८ मध्ये कित्येक योजनांनी आपलं नाव आणि पैसे गुंतवायची पद्धत त्याप्रमाणे बदलली. काही एकमेकांत विलीन झाल्या. त्यामुळे लांब पल्ल्याच्या आकड्यात कधी कधी पाटी आजची असते आणि आतली जुनी वर्षं दुसऱ्याच दुकानाची. त्याशिवाय फोटोत दिसणारा आकडा एसआयपीचा की एकरकमी पैशांचा, वर्षाचा की तीन वर्षांचा मिळून, हेही छोट्या अक्षरात असतं. फोटो कापताना ती अक्षरं सहसा शाबूत राहत नाहीत.

पण या सगळ्यापेक्षा मोठी चूक तिसरी, आणि ती मला चूक वाटत नाही, ती चलाखी वाटते. 'अ'च्या नावाचा शेवट फोटोत तीन टिंबांनी कापला गेला होता. 'ब'च्या नावापुढे मात्र 'डायरेक्ट' दिसत होतं. माझ्या या माजी हवालदाराला डायरेक्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं यात त्याचा काही दोष नाही.

१ जानेवारी २०१३ पासून सेबीच्या नियमाने प्रत्येक फंडाला दोन दारं आहेत. एका दारातून तुम्ही थेट जाता, तो डायरेक्ट प्लॅन. दुसऱ्या दारातून वितरकामार्फत जाता, तो रेग्युलर प्लॅन. आत खोली एकच. तेच शेअर, तोच मॅनेजर, तीच खरेदी, तीच विक्री. फरक एवढाच की रेग्युलरच्या खर्चात वितरकाचं कमिशन असतं, दरवर्षी, तुमचे पैसे आत असेपर्यंत. आणि रेग्युलर प्लॅनच्या नावात 'रेग्युलर' हा शब्द असेलच असं नाही. पुष्कळदा नावात काहीच नसणं हीच त्याची खूण.

म्हणजे आमच्यापुढे ठेवलेले फोटो 'अ' आणि 'ब' यांचे नव्हतेच. एका फंडाचं कमिशनचं दार आणि दुसऱ्या फंडाचं थेट दार, असे ते होते. आम्ही 'अ'चा डायरेक्ट प्लॅन शोधला. त्याचा एक्स्पेन्स रेशो निघाला ०.८५. 'ब'चा ०.७५. मग फंडाफंडांतला खरा फरक केवढा? एक दशांश टक्का. उरलेला पूर्ण एक टक्का हा 'अ' आणि 'ब' यांच्यातला फरक नाहीच. ती आपल्या माणसाची मजुरी आहे.

आता रुपयांत बोलू, कारण टक्क्यांत बोललं की कुणाला झोप येते आणि कुणाला पैसे मिळतात.

समजा खर्च कापण्याआधी दोन्ही फंड वर्षाला सारखेच १२ टक्के कमावतात. मुद्दाम सारखे धरायचे, कारण आपल्याला खर्चाचा फरक मोजायचा आहे, मॅनेजरचं नशीब नाही. खर्चच नसता तर दहा लाखांचे दहा वर्षांत सुमारे ३१ लाख ६ हजार झाले असते. 'अ' रेग्युलरमध्ये, १.८५ टक्के रोज थोडे थोडे कापले जाऊन, होतात २५ लाख ८१ हजार. 'ब' डायरेक्टमध्ये होतात २८ लाख ८१ हजार. फरक तीन लाख रुपये. फोटोखाली लिहिलेला आकडा होता एक लाख दहा हजार. तो इतका कमी का आला? कारण त्याने १.१ टक्का दरवर्षी मूळ दहा लाखांवरच धरला. खर्च वाढत्या रकमेवर कापला जातो. पहिल्या वर्षी तो दहा लाखांवर असतो, शेवटच्या वर्षी पंचवीस लाखांच्या आसपासच्या रकमेवर. आणि जे पैसे कापले गेले ते पुढची वर्षं कमावायला हजर नसतात.

या तीन लाखांची फोड केली तर 'अ' सोडून 'ब' घेतल्याचा फायदा आहे सुमारे २९ हजार. बाकीचे २ लाख ७१ हजार हे रेग्युलर सोडून डायरेक्ट घेतल्याचे. म्हणजे ज्या प्रश्नावर फोटो पाठवून एवढा वाद घातला गेला, अ की ब, त्याची खर्चाच्या बाजूने किंमत एका मोबाईलएवढी. आणि जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याची किंमत पावणेतीन लाख.

'पण बाजार १२ टक्के देईल कशावरून?' हा प्रश्न मला लगेच विचारला गेला आणि प्रश्न रास्त आहे. आठ टक्के धरू. मग 'अ' रेग्युलरचे होतात सुमारे १७ लाख ९४ हजार आणि 'ब' डायरेक्टचे २० लाख ३ हजार. फरक २ लाख ९ हजार. रुपये कमी झाले. पण आता दोन्ही वेळचा फरक मोठ्या रकमेच्या किती टक्के आहे ते बघा. २८.८१ मधले ३ लाख म्हणजे १०.४ टक्के. २०.०३ मधले २.०९ लाख म्हणजे तेही १०.४ टक्के. हा योगायोग नाही. खर्च रोज उरलेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा उचलतो, मग बाजार वर असो की खाली. त्यामुळे दहा वर्षांनी तुमच्या ताटातला किती भाग कमी होणार हे आजच सांगता येतं, ताट केवढं असेल हे न सांगता:

```
(1 - 0.011/365)^3650 = 0.8958
```

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे होतं. ०.०११ च्या जागी आपल्या दोन फंडांतला खर्चाचा फरक घाला. उत्तर १ मधून वजा केलं की तुमचा गेलेला हिस्सा मिळतो. या हिशेबात मागच्या परताव्याचा आकडा कुठेही नाही. म्हणून मी म्हणतो की ज्या फोटोवर सगळ्यांची नजर असते तो आकडा दहा वर्षांच्या खर्चाच्या अंदाजाला लागतच नाही. ज्याच्याकडे काणाडोळा केला जातो तोच लागतो.

एसआयपीवाल्यांसाठी एक वाक्य. महिन्याला दहा हजार दहा वर्षं भरले तर त्याच १२ टक्के धरून फरक सुमारे १ लाख ३४ हजारांचा येतो, म्हणजे शेवटच्या रकमेच्या सहा टक्क्यांच्या जवळ. कमी दिसतो कारण तुमचा बराचसा पैसा दहा वर्षं आत नसतोच, शेवटचा हप्ता तर महिनाभरच असतो. एकरकमी पेन्शनीचे पैसे घालणाऱ्याला याची झळ जास्त बसते.

या अंदाजाला एक मर्यादा आहे आणि ती लपवायची नाही. आजचा एक्स्पेन्स रेशो दहा वर्षं तसाच राहत नाही. सेबीने इक्विटी योजनांना घालून दिलेली कमाल मर्यादा पायऱ्या-पायऱ्यांची आहे. २०२५ मध्ये ती पहिल्या ५०० कोटींवर २.२५ टक्के, पुढच्या २५० कोटींवर २ टक्के होती, आणि फंड जसा फुगत जाईल तशी टक्केवारी उतरत जाते. फंड मोठा झाला तर खर्च कमी होऊ शकतो, पैसे निघून गेले तर वाढू शकतो. फंडाला खर्च बदलायचा असेल तर गुंतवणूकदाराला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. ती मेल आपण उघडत नाही, ही वेगळी गोष्ट. म्हणून स्क्रीनशॉटमधला रेशो हा त्या दिवसाचा रेशो. फंड कंपनीच्या साइटवर तो रोज जाहीर होतो, तिथे मागचे काही महिने चाळले की तो स्थिर आहे की हलतोय हे कळतं.

आणि ज्याला अंदाज नकोच, पुरावा हवा, त्याच्यासाठी त्याहून पक्की वाट आहे. एकाच फंडाच्या दोन दारांच्या एनएव्ही दहा वर्षांच्या अंतराने घ्या. amfiindia.com वर जुन्या तारखांच्या एनएव्ही मिळतात. चार आकडे लागतात, बस. मी समजण्यासाठी सोपे आकडे घेतो. समजा दहा वर्षांपूर्वी रेग्युलरची एनएव्ही ५० रुपये होती आणि डायरेक्टची ५०.४०. आज रेग्युलर १६८ आणि डायरेक्ट १८६.४८. रेग्युलर ३.३६ पट झाला, डायरेक्ट ३.७० पट. दहा लाखांचे एका दारातून ३३ लाख ६० हजार, दुसऱ्यातून ३७ लाख. तीच खोली, तेच शेअर, आणि फरक ३ लाख ४० हजार. ३.७० ला ३.३६ ने भागलं तर १.१०१ येतं, म्हणजे दहा वर्षांत सरासरी वर्षाला साधारण ०.९६ टक्के जास्त कापले गेले. आजच्या फोटोत फरक एक टक्का दिसत असेल आणि हा आकडा ०.९६ येत असेल तर समजावं की खर्चाचा फरक दहा वर्षांत फार हलला नाही. ०.६ किंवा १.४ आला तर आजचा फोटो दहा वर्षांसाठी धरता येत नाही. एक काळजी घ्यायची. दोन्ही आकडे 'ग्रोथ'चेच हवेत. एकीकडे ग्रोथ आणि दुसरीकडे लाभांश वाटणारा पर्याय घेतला तर वाटलेल्या पैशांनी एनएव्ही खाली येते आणि सगळं गणित फसतं.

इथे कुणी भविष्य सांगत नाही, १२ टक्के की ८ टक्के यावर वाद नाही, तारखेची चलाखी नाही, कारण दोन्ही दारांच्या तारखा एकच. 'एक टक्क्याने काय होतं' म्हणणाऱ्याने आपण विकत असलेल्या फंडाचे हे चार आकडे काढून समोर ठेवावेत. मला अजून असे चार आकडे पाठवणारा भेटलेला नाही. फोटो पाठवणारे रोज भेटतात.

आता दुसरी बाजू. वितरक मेहनत करत नाही असं मी म्हणणार नाही. केवायसी अडकलं, नॉमिनी बदलायचा राहिला, जवान सियाचीनच्या बाजूला आणि घरी फक्त आई, अशा वेळी फॉर्म घेऊन दारात येणारा माणूस लागतो. २०२० च्या मार्चमध्ये घाबरून सगळं विकायला निघालेल्याला ज्याने थांबवलं, त्याने आपली मजुरी कमावली, कदाचित जास्तच. माझं म्हणणं एवढंच की मजुरी रुपयांत सांगा. दहा लाखांवर एक टक्का म्हणजे पहिल्या वर्षी दहा हजार, आणि पैसे वाढत गेले तर दहाव्या वर्षी पंचवीस हजारांच्या घरात. काम मात्र पहिल्या वर्षी जास्त आणि नंतर कमी. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने सुरुवातीलाच एकदम मिळणारं कमिशन बंद केलं आणि वर्षावर्षाने मिळणारंच ठेवलं, त्यामुळे हा प्रवाह चालू राहतो. 'दरवर्षी मला पंधरा-वीस हजार द्या, मी तुमची कागदपत्रं सांभाळतो' असं कुणी तोंडावर म्हणालं तर आपला माणूस दहा प्रश्न विचारेल. 'एक टक्का' म्हटलं की एकही विचारत नाही. फी घेऊन सल्ला देणारे, सेबीकडे नोंदलेले सल्लागारही असतात. त्यांची फी जड वाटते, कारण ती चेकने द्यावी लागते.

ही रक्कम तुम्हाला विचारायचीही गरज नाही, ती छापून येते. तुमच्या सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण, ज्याला सीएएस म्हणतात, त्यात वर्षातून दोनदा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाहीचं, प्रत्येक योजनेमागे वितरकाला किती कमिशन गेलं ते रुपयांत दिलेलं असतं. सोबत योजनेच्या दोन्ही दारांचा सरासरी खर्चही. वितरकाचा एआरएन नंबर त्याच कागदावर असतो. नंबरच्या जागी 'डायरेक्ट' लिहिलं असेल तर तुम्ही थेट दारातून आला आहात. पीडीएफ पासवर्डची असते म्हणून बरेच जण ती उघडत नाहीत. पासवर्ड बहुधा पॅन असतो.

आधीच रेग्युलरमध्ये असलेल्यांनी हे वाचून लगेच उडी मारू नये. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं ही कागदावर विक्री आणि नवी खरेदी आहे, फंड तोच असला तरी. वर्षाच्या आत असाल तर बहुतेक इक्विटी फंडांत एक्झिट लोड लागतो, तो किती हे त्या योजनेत बघा. वर्ष उलटलं असेल तर नफ्यावर कर. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर, साडेबारा टक्के. समजा दहा लाखांचे तेरा झाले आहेत. नफा तीन लाख, त्यातला सव्वा लाख सुटला, पावणेदोन लाखांवर कर २१,८७५, वर थोडा सेस. दुसऱ्या बाजूला एक टक्का वाचतो तो तेरा लाखांवर, म्हणजे वर्षाला तेरा हजार. दोन वर्षांच्या आत भरून निघतं. नफा अर्धा मार्चमध्ये आणि अर्धा एप्रिलमध्ये विकला तर दोन आर्थिक वर्षांची सूट दोनदा मिळते, आणि याच उदाहरणात कर सहा हजारांच्या आसपास उतरतो. मात्र ज्याला पैसे वर्षभरातच काढायचे आहेत त्याने आहे तिथेच राहावं.

त्या माजी हवालदाराने शेवटी 'अ' घेतला की 'ब', हे मला बरेच जण विचारतात. दोन्ही डायरेक्टमध्ये इतका कमी फरक होता की त्याने जो पसंत होता तो घेतला, मी त्यात पडलो नाही. फोटो पाठवणाऱ्याला मात्र त्याने एक निरोप पाठवला: 'दादा, तुमच्याकडूनच करतो, पण दहा वर्षांत तुम्हाला माझ्याकडून किती रुपये मिळतील ते लिहून द्या.' अठरा दिवस झाले. दोन निळ्या टिका आल्या आहेत.